टार्गेटची रेष आणि फेब्रुवारीचा खांब

लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिकच्या होलसेल दुकानात मी हिशेब बघतो. दर मार्चअखेर शेठना वर्षभराच्या विक्रीचा चार्ट लागतो: बारा महिन्यांचे बारा खांब आणि त्यांच्यावरून आडवी जाणारी ४० लाखांच्या टार्गेटची रेष. यंदापर्यंत ही रेष मी एक्सेलच्या Insert मधल्या Shapes मधून हातानेच ओढायचो. Shift दाबून ओढली की सरळ येते, लाल रंग दिला की काम झालं.

यंदा ऐन वेळी मार्चचा आकडा बदलला. पंख्यांचं एक मोठं बिल राहिलं होतं, ते चढवल्यावर ४६ चे ५६ लाख झाले. मी सेलमध्ये आकडा टाकला आणि प्रिंट घेऊन आत गेलो. शेठनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "फेब्रुवारीत टार्गेट झालं होतं ना रे? मग खांब रेषेच्या खाली कसा?"

फेब्रुवारीची विक्री ४४ लाख होती. पण मार्चचा खांब उंच झाल्याबरोबर एक्सेलने डावीकडची मोजपट्टी ५० वरून ६० पर्यंत वाढवली. सगळे खांब त्या मानाने बुटके झाले आणि माझी रेष मात्र कागदावर होती तिथेच राहिली. म्हणजे ४० ची रेष आता ४८ वर बसली होती. आकड्यांशी तिचा काही संबंधच नव्हता, ती नुसतं चित्र होती.

संध्याकाळी दुकान शांत झाल्यावर नीट बसलो. A रकान्यात महिने होते, B मध्ये विक्री. C1 मध्ये 'टार्गेट' लिहिलं, F1 मध्ये 40 टाकलं आणि C2 मध्ये हे:

```
=$F$1
```

ते C13 पर्यंत खाली ओढलं. मग C1 ते C13 कॉपी करून चार्टवर क्लिक केलं आणि Ctrl+V. प्रत्येक महिन्याच्या खांबाला खेटून सारख्या उंचीचा दुसरा खांब आला. त्यांतल्या एकावर राइट क्लिक केलं, Change Series Chart Type उघडलं आणि टार्गेटसमोर Line निवडलं. विक्रीसमोर Clustered Column तसंच ठेवलं.

तिथेच Secondary Axis अशी चौकट असते. मी उत्साहाच्या भरात तिच्यावर टिक केली आणि रेष भलतीकडेच गेली, चाळिसाच्या बरीच वर. उजवीकडे दुसरी मोजपट्टी आली होती आणि रेष तिच्या हिशेबाने बसली होती. टिक काढली तशी रेष जागेवर आली. उजव्या बाजूला आकडे दिसायला लागले की समजायचं, घोटाळा झालाय.

आता रेष ४० वर होती, पण आखूड. एप्रिलच्या खांबाच्या मधोमध सुरू व्हायची आणि मार्चच्या मधोमध संपायची. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा खांब उघडाच. कारण साधं आहे: प्रत्येक महिन्याला चार्टमध्ये एक कप्पा मिळतो आणि रेषेचा बिंदू त्या कप्प्याच्या मध्यावर पडतो. पहिल्या बिंदूच्या अलीकडे आणि शेवटच्याच्या पलीकडे रेषेकडे आकडाच नसतो.

शेजारच्या गाळ्यात हिशेब बघणाऱ्या मॅडमनी यावर तोड सांगितली. रेषेवर राइट क्लिक करून Add Trendline घ्यायचं, Linear ठेवायचं आणि खाली Forecast मध्ये Forward आणि Backward दोन्हीकडे 0.5 लिहायचं. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा महिना. केलं, तर रेष या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचली! ट्रेंडलाइन मुळात तुटक ठिपक्यांची येते. ती अखंड केली आणि दोन्ही रेषांना एकच लाल रंग, एकच जाडी दिली, म्हणजे जोड दिसत नाही. खालच्या सूचीत "Linear (टार्गेट)" अशी आगाऊ नोंद येते. तिच्यावर एकदा, मग थांबून पुन्हा एकदा क्लिक करून फक्त तेवढीच डिलीट केली.

ही युक्ती मात्र बाराही महिन्यांचं टार्गेट सारखं असेल तरच चालते. गंमत म्हणून मी ऑक्टोबर-नोव्हेंबरला दिवाळीचे ५० टाकून पाहिले, तर ट्रेंडलाइन सरासरी काढत तिरकी झाली, कुठल्याच महिन्याचं खरं टार्गेट दाखवीना. तसं करायचं असेल तर ट्रेंडलाइन काढून आखूड रेषेवरच भागवावं.

दुसऱ्या दिवशी नवा कागद शेठसमोर ठेवला. फेब्रुवारी रेषेच्या वर. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता यावरच पुढच्या वर्षाचे ४५ दाखव." मी F1 मध्ये 40 चे 45 केले, रेष आपोआप वर सरकली आणि फेब्रुवारी पुन्हा खाली गेला. या वेळी मात्र खरोखरचा.