पाणी कमी, कारण सापडेना

गरोदरपणाच्या एकतिसाव्या आठवड्यात ती नेहमीच्या तपासणीला आली तेव्हा माझं पहिलं लक्ष गेलं ते टेपकडे. पोटाची उंची 28 सेंटिमीटर भरली. या दिवसांत आठवडे आणि सेंटिमीटर साधारण जुळतात, एक-दोनचा फरक चालतो. तीनचा फरक मला आवडला नाही. शिवाय हात ठेवल्यावर बाळाचे अवयव फार सहज लागत होते, मध्ये पाण्याची गादी असावी तशी नव्हती. तिला सोनोग्राफीच्या टेबलावर घेतलं.

बाळाभोवतीचं पाणी मोजायची रीत सोपी आहे, चुका मात्र तिथेच होतात. पोटाचे चार भाग कल्पायचे, प्रत्येकात पाण्याची सर्वांत खोल पोकळी शोधायची आणि ती उभी मोजायची. प्रोब तिरका झाला तर आकडा फुगतो. चारही भागांची बेरीज 5 ते 24-25 सेंटिमीटरच्या दरम्यान असावी. दुसरी पद्धत म्हणजे एकच सर्वांत खोल पोकळी पाहणं, ती 2 ते 8 असावी. माझा भरवसा या दुसऱ्या आकड्यावर जास्त. बेरजेवर विसंबलं की ‘पाणी कमी’ असे शिक्के जास्त बसतात, कळा आणायची घाईही वाढते आणि त्याने बाळांचं काही अधिक भलं झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही.

सुरुवातीला एक पोकळी 2.4 दिसली आणि मला हायसं वाटलं. पडद्यावरचा उजळपणा वाढवणारा गेन जरा चढवला तेव्हा कळलं की त्या काळ्या जागेत नाळेची वेटोळी दाटून बसली आहेत. नाळ आणि हातपाय सोडून मोजायचं असतं. पुन्हा मोजलं. 1.7, 1.2, 0.9, 0.8. बेरीज 4.6, सर्वांत खोल पोकळी 1.7. दोन्ही पद्धतींनी पाणी कमीच.

तिची मोठी बहीण सोबत होती. तिने लगेच विचारलं, “डॉक्टर, पाणी कमी प्यायली म्हणून झालं का हे? मी रोज सांगते हिला.”

मी तिला सांगितलं, शरीर खरंच सुकलेलं असेल तर पाणी प्यायल्याने थोडा फरक पडतो, पण हे पाणी आईने प्यायलेलं पाणी नव्हे. साधारण चार महिन्यांनंतर त्यातलं बहुतेक पाणी म्हणजे बाळाची लघवी असते. बाळ लघवी करतं, तेच पाणी गिळतं, पुन्हा लघवी करतं. म्हणून पाणी कमी झालं की विचारायचं, बाळ लघवी कमी करतंय की पाणी बाहेर गळतंय? (जास्त झालं असतं तर माझं डोकं उलट चाललं असतं: आईची साखर वाढली आहे का, बाळाला गिळता येतंय का, त्याची अन्ननलिका किंवा आतडं कुठे बंद आहे का. आणि बऱ्याचदा काहीच सापडत नाही.)

आधी गळती. कपडे ओले होतात का, हे विचारून भागत नाही. पाणी थेंबथेंब गळत असलं तर बायका ते लघवी किंवा पांढरं पाणी समजतात. निर्जंतुक स्पेक्युलमने योनीमार्ग उघडून पाहिला, तिला खोकायला लावलं. आत पाणी साचलेलं नव्हतं, खोकल्यावर आलंही नाही. दिलेला पॅड तीन तासांनी कोरडाच होता.

मग बाळ. दोन्ही मूत्रपिंडं जागेवर, आकार ठीक. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पाणीही व्यवस्थित होतं, म्हणजे जन्मजात दोषाची शंका फिकी पडली. अंदाजे वजन 1,600 ग्रॅम, वयाला साजेसं. वार नीट काम करत नसेल तर बाळ वाढीत मागे पडतं, नाळेच्या रक्तप्रवाहात अडथळा दिसतो आणि पाणीही कमी होतं, कारण बाळाचं शरीर मेंदूकडे रक्त वळवतं आणि मूत्रपिंडांचा वाटा घटतो. इथे रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर स्वच्छ होता. आईचा रक्तदाब 110/70. बाळाच्या ठोक्यांचा आलेखही चांगला.

एकच गोष्ट खटकत होती. बाळाचं मूत्राशय. ते साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने भरतं आणि रिकामं होतं. मी प्रोब तसाच धरून बसले, मध्ये उठले, परत आले. चाळीस मिनिटांत ते वाटाण्याएवढंही नीट भरलं नाही. मूत्रपिंडं आहेत, वाट मोकळी आहे, पण लघवी बनत नाही.

माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फोनवर सल्ला दिला की फुप्फुसांच्या परिपक्वतेसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन ठेव आणि बाळंतपणाची तयारी कर. त्यांचं चूक नव्हतं. पाणी कमी आणि त्याचं कारण सापडत नाही, अशा वेळी सगळेच घाबरतात. पण 31 आठवड्यांचं बाळ बाहेर काढायला माझ्याकडे कारण नव्हतं. मी तिला दाखल करून घेतलं आणि केसपेपर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला.

‘चालू औषधं: लोह, कॅल्शियम.’ हे माझंच अक्षर होतं. प्रश्नही माझाच होता: “कुठली औषधं घेता, ताई?” या प्रश्नाला माणूस डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं सांगतो.

संध्याकाळी तिच्या खाटेजवळ बसले आणि वेगळं विचारलं. “कंबर दुखते का तुमची?”

“खूप. गेले पंधरा दिवस तर झोपच नाही.”

“मग काय करता?”

“घरात होती ती गोळी घेते. माझीच जुनी आहे, दिवसातून दोनदा. त्याशिवाय उभंच राहवत नाही.”

बहिणीने सकाळी पाकीट आणलं. डायक्लोफेनॅक, 50 मिलिग्रॅम. बारा दिवस रोज दोन.

या जातीच्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे रसायन शरीरात बनणं थांबवतात, म्हणूनच दुखणं कमी होतं. पण बाळाच्या मूत्रपिंडांकडे रक्त नीट पोहोचायलाही तेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. गोळी वारेतून पार जाते, रक्त घटतं, लघवी आटते. अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये विसाव्या आठवड्यानंतर या गोळ्या टाळाव्यात असा इशारा दिला, तो याच कारणाने. आयबुप्रोफेनही त्यातलंच. या गोळ्यांनी बाळाच्या हृदयाजवळची डक्टस ही वाहिनीही अरुंद होऊ शकते, म्हणून हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. ती ठीक होती.

गोळी बंद केली. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, पोटाखाली पट्टा, कुशीवर झोपताना पायात उशी. तिला रडू आलं, “मीच केलं का हे?” मी म्हटलं, “तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी नीट विचारलं नव्हतं.”

तिसऱ्या दिवशी मूत्राशय डोळ्यांदेखत भरलं. पोकळी 2.3. आठव्या दिवशी 3.6. तोवर पाण्याचा आकडा आणि बाळाचे ठोके आठवड्यातून दोनदा पाहत होतो, मग आठवड्यातून एकदा, वाढ दर दोन आठवड्यांनी. आकडा पुन्हा खाली आला नाही. आला असता तर गोळीचं कारण अपुरं ठरलं असतं आणि मला शोध परत सुरू करावा लागला असता, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात तिला आपसूक कळा आल्या. मुलगी, 2.9 किलो. बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगितलं होतं की हिची लघवी लक्ष ठेवून पाहा. चौथ्या तासाला नर्सताई ओला लंगोट हातात घेऊन लेबर रूममध्ये मला दाखवायला आल्या.