सोसायटीची पावती-वही आणि एक्सेलचा नेम बॉक्स

आमच्या सोसायटीचा खजिनदार झालो, तेव्हा वर्षभराच्या मेंटेनन्सच्या पावत्या एकाच शीटवर सलग उतरवलेल्या मिळाल्या. 84 फ्लॅट, एप्रिलखाली मे, मेखाली जून. ऑडिटरने "नोव्हेंबर दाखवा" म्हटलं की माउसचं चाक फिरवत बसायचं.

फॉर्म्युला बारच्या डाव्या टोकाला, एरवी नुसता A1 वगैरे पत्ता दाखवणारी चौकट असते तो नेम बॉक्स. एप्रिलच्या रकमा E4 पासून E87 पर्यंत होत्या. नेम बॉक्समध्येच `E4:E87` टाइप करून एंटर दाबलं, तेवढा भाग सिलेक्ट झाला. मग पुन्हा तिथेच क्लिक करून नाव द्यायचं आणि एंटर दाबायचं. एंटर न दाबता दुसरीकडे क्लिक केलं तर नाव राहत नाही.

पहिलं नाव `APR24` दिलं, तर स्क्रीन भलतीकडेच, कोऱ्या जागी गेली. एक्सेलचे कॉलम XFD पर्यंत जातात, त्यामुळे APR हा 1110 वा कॉलम आहे आणि APR24 हा खराखुरा सेलचा पत्ता. बाराही महिन्यांची तीनअक्षरी इंग्रजी नावं अशीच अडतात. `APR_24` मात्र चाललं. स्पेस चालत नाही, म्हणून अंडरस्कोर.

आता कुठल्याही शीटवर असलो तरी नेम बॉक्सच्या बाणावर क्लिक करून `NOV_24` निवडतो. महिना सिलेक्ट होऊन समोर येतो आणि खालच्या पट्टीत त्याची बेरीजही दिसते. ताळेबंदाच्या शीटवर एवढंच लिहितो:

```
=SUM(APR_24)
```

खरी गोम उशिरा भरणाऱ्यांची. एप्रिलची पावती जूनमध्ये आली की एप्रिलच्या भागात ओळ घालावी लागते. ती मधे कुठेही घातली तर नावाची हद्द आपोआप वाढते. पण शेवटच्या रकमेच्या खाली घातली तर ती नावाबाहेरच राहते आणि बेरीज तेवढ्या रकमेने कमी येते. तपासणं सोपं आहे: बाणातून नाव निवडा आणि शेवटची ओळ सिलेक्ट झाली का ते पाहा. मी आता महिन्याखालची एक रिकामी ओळ नावातच धरतो, म्हणजे `E4:E88`, आणि नवी पावती त्या ओळीच्या वर घालतो.

हद्द बदलायला मोठा भाग सिलेक्ट करून नेम बॉक्समध्ये तेच नाव टाइप केलं, तर एक्सेल काही न बोलता जुन्या भागावर उडी मारतं. त्यासाठी `Ctrl+F3` ने नेम मॅनेजर उघडून तिथला पत्ता बदलावा लागतो.

बाणाखालची यादी मात्र अकारविल्हे लागते, म्हणून एप्रिलनंतर थेट ऑगस्ट. ऑडिटरना ते खटकलं, तेव्हा यंदा नावं `M01_APR`, `M02_MAY` अशी ठेवली आहेत.