कन्सोलचा यूएसबी पोर्ट 'गेला' म्हणून अकरा दिवस घालवले : माझा अनुभव

आधीच सांगून टाकतो, माझा पोर्ट गेलाच नव्हता. पण हे कळेपर्यंत अकरा दिवस, दुकानाच्या दोन चकरा आणि सातशे रुपये तपासणी फी गेली, त्याचा राग अजून आहे म्हणून लिहितोय.

माझ्याकडे पीएस ४ स्लिम आहे, पुढच्या बाजूला दोनच पोर्ट. एकात पोर्टेबल हार्ड डिस्क, सगळे गेम्स तिच्यावर. दुसऱ्यात एक स्वस्तातला चार तोंडांचा हब, आणि त्या हबला दोन कंट्रोलर, हेडसेटचा डोंगल आणि कन्सोलखालचा पंखेवाला स्टँड. दोन वर्षं असंच चाललं होतं, पण तेव्हा कंट्रोलर एकच होता. दिवाळीत भाच्यासाठी दुसरा घेतला आणि तिथून सुरू झालं. आधी गेम चालू असताना हेडसेट कट व्हायचा, मग चार्जिंगचा केशरी लाइट लागायचा आणि विझायचा, आणि एका रविवारी तो पोर्ट ठारच. हब काढून थेट पेनड्राइव्ह लावला, तोही दिसेना. मेन्यूतून रिस्टार्ट केलं तर दहा मिनिटं सगळं परत आलं, परत गेलं.

इथे मी एक माती खाल्ली. म्हटलं हार्ड डिस्क तर चांगली आहे, तीच लावून बघू, आणि आळसाने ती हबलाच लावली. दिसली नाही. झालं, पोर्ट गेला म्हणून मोकळा झालो. मला तेव्हा माहीतच नव्हतं की पीएस ४ गेम्सची डिस्क हबमधून घेतच नाही, ती थेट पोर्टलाच लागते, मग हब कितीही भारी असो. म्हणजे पोर्ट ठणठणीत असता तरी माझी टेस्ट नापासच झाली असती.

सोमवारी दुकानात दिला. पाचव्या दिवशी फोन, "सर, पोर्ट ओके आहे, घेऊन जा." आणला, एक संध्याकाळ मस्त चालला, रात्री दोन्ही कंट्रोलर चार्जिंगला लावले आणि परत मेला. परत नेला. यावेळी चार दिवसांनी निकाल, "आयसी गेलाय, बोर्डाचं काम आहे, साडेसहा हजार." मी काउंटरवर उभा राहिलो आणि म्हटलं मला दाखवा. त्यांनी कन्सोल चालू केला, पेनड्राइव्ह लावला आणि तो दिसला!

"मग आयसी कसा गेला?"

"इंटरमिटंट आहे सर. कधी चालतो, कधी नाही."

"तुम्ही टेस्ट कशाने केली?"

"याच पेनड्राइव्हने."

नऊ दिवसांत एकदाही कुणी विचारलं नाही की घरी या पोर्टला काय काय लावता. मीही सांगितलं नव्हतं, ते सोडा. पण त्यांचं कामच ते आहे ना? काम न करता उचलून घरी आणला.

घरी येताना एक यूएसबी टेस्टर घेतला, साडेतीनशेला, बोटाएवढी पट्टी असते, पोर्ट आणि केबलच्या मध्ये लावायची, व्होल्ट आणि अँपिअर दाखवते. हा पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. रिकाम्या पोर्टला लावला, ५.१ व्होल्ट. म्हणजे पोर्ट जिवंत. एक कंट्रोलर थेट लावला, अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतला, व्होल्टेज जेमतेम हललं. मग पोर्ट आणि हबच्या मध्ये टेस्टर ठेवून एकेक वस्तू चढवत गेलो. पंखे आणि डोंगल मिळून ०.४ अँपिअर. पहिला कंट्रोलर, ०.८५. दुसरा लावला, आकडा सव्वाच्या वर गेला, दोन-तीन सेकंद थांबला आणि टेस्टरचा डिस्प्लेच बंद! मला इतका आनंद झाला की बायको आत येऊन बघून गेली.

हिशोब साधा आहे. यूएसबी ३ च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी २ च्याने ५००. कन्सोल करंट जिथे कापतो ती रेघ त्याच्या थोडी वर असते, पण असते. बिनअडॅप्टरचा हब स्वतः काहीच बनवत नाही, पोर्टकडून मिळालेलं तेच चार तोंडांत वाटतो, आणि माझा तर यूएसबी २ चा होता, म्हणजे नियमाने सगळे मिळून ५००, त्यातही थोडं हबलाच लागतं. कंट्रोलरच्या मागे बारीक अक्षरात बघा, ८०० मिलिअँपिअर लिहिलंय. बॅटरी भरलेली असेल तर इतकं घेत नाही, म्हणून कधी चालायचं कधी नाही. आणि हेडसेट सगळ्यात आधी का जायचा तेही कळलं, टेस्टर हब आणि डोंगलच्या मध्ये लावला तर पहिला कंट्रोलर चढताच व्होल्टेज ४.३ वर आलं. हबमागेही किमान ४.४ यायला हवं.

रेघ ओलांडली की कन्सोल स्वतःला वाचवायला त्या पोर्टचा करंट तोडतो. माझ्याकडे तो कधी रिस्टार्टने परत यायचा, कधी पूर्ण बंद करून, मागची वायर काढून पाच-दहा मिनिटं ठेवल्यावरच. आता विचार करा, दुकानात न्यायचा म्हणजे वायर काढायचीच. मी स्वतःच दर वेळी पोर्ट बरा करून त्यांच्याकडे नेत होतो.

हो, एक राहिलं, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं. टॉर्च लावून पोर्टमध्ये बघा, आतली जीभ मोडलेली किंवा एखादी पिन वाकलेली दिसते का, कापसासारखी धूळ असते ती कन्सोल बंद आणि वायर काढलेली असताना लाकडी टूथपिकने काढा, सुई घालू नका. आणि केबल बदलून बघा. चार्जिंगपुरत्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, कंट्रोलर चार्ज होतो पण जोडला जात नाही, आणि आपण पोर्टला शिव्या घालतो. पेनड्राइव्हने टेस्ट करणार असाल तर तो एफएटी३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅटचा हवा, एनटीएफएस असेल तर चांगल्या पोर्टवरही दिसणार नाही. फक्त रेस्ट मोडमध्येच चार्ज होत नसेल तर बिघाड नाहीच, Settings मध्ये Power Save Settings, तिथे Set Features Available in Rest Mode, आणि Supply Power to USB Ports हे Off वर असेल. खरा गेलेला पोर्ट म्हणजे वायर काढून, रात्रभर ठेवून, दुसरं काही न लावताही पाच व्होल्ट दाखवत नाही तो. किंवा पाच व्होल्ट येतात पण चांगली केबल, चांगला पेनड्राइव्ह लावूनही काही ओळखत नाही तो. तेव्हा मात्र दुकान गाठा.

मी काय केलं, तर पंखे आणि कंट्रोलर मोबाइलच्या जुन्या चार्जरांवर नेले आणि डोंगल थेट पोर्टला लावला. पुढे अडॅप्टरवाला हबही घेतला, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, त्यावर आता दोन्ही कंट्रोलर आणि डोंगल एकदम चालतात. तो घेताना अडॅप्टर चालू करून, कन्सोलला जाणारं टोक टेस्टरला लावून बघितलं. टेस्टर पेटला असता तर हब उलटा करंट कन्सोलमध्ये ढकलतोय असा अर्थ, मग परत केला असता. पेटला नाही. हार्ड डिस्क मात्र तिच्या पोर्टलाच, थेट.

परवा दुकानातून फोन आला होता. "सर, तुमचा आयसी आलाय, टाकायचा का?"