आमची वाटचाल : बर्फाच्या कारखान्यापासून बिअरच्या टॅपपर्यंत

आमचं मूळ काम मासळीचं. मालवणच्या आसपासचे बर्फाचे कारखाने, कोल्ड रूम, मच्छीच्या गाड्यांवरची यंत्रं यांची दुरुस्ती. ड्राफ्ट बिअरशी आमचा संबंध आला तो किनाऱ्यावरच्या हॉटेलांत टॅप बसू लागले तेव्हा. बिअर बिघडली की लोक आधी बिअरवाल्याला फोन करत, तो म्हणे माल ठीक आहे, मग रेफ्रिजरेशनवाला म्हणून आम्हाला बोलावणं यायचं. आज आमचं निम्मं काम याच लाइनचं आहे.

तारकर्लीकडच्या एका हॉटेलचं उदाहरण देतो, कारण तक्रार बहुतेक ठिकाणी हीच असते. मालकांचं म्हणणं, "गॅस कमी करून बघलंय, तरी फेस काय थांबणा नाय." कोल्ड रूममध्ये ४ अंश. केग, म्हणजे बिअरचं पिंप, आदल्या दिवशीपासून आत, तेव्हा तिथे खोट नव्हती. (गाडीतून उतरलेला केग बाहेरून तासाभरात गार लागतो, पण आतली बिअर थंड व्हायला पूर्ण दिवस जातो, हे हॉटेलवाल्यांना पटवताना घसा कोरडा होतो.) आम्ही गेलो तेव्हा दुपारची सामसूम होती. पहिला ग्लास भरला, अर्ध्याहून जास्त फेस. त्यात थर्मामीटर घातला तर १४ अंश. लगेच दुसरा, तिसरा भरला. तिसऱ्यात ५ अंश आणि फेस बोटभर. निदान इथेच झालं. प्रत्येक ग्लास फेसाळला तर केग गरम आहे किंवा दाब चुकलाय. फक्त खंडानंतरचा पहिला फेसाळला तर केगपासून टॅपपर्यंतची नळी, म्हणजे लाइन, गरम आहे.

लाइन पाव इंची, ८ मीटर लांब, स्वयंपाकघराच्या भिंतीवरून गेलेली. एवढ्या नळीत साधारण पाव लिटर बिअर उभी राहते. गिऱ्हाईक नसलं की ती तापते आणि बिअर तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. दिवसात असे दहा खंड पडले तर अडीच लिटर बिअर ट्रेमध्ये. केगमधली बिअर ढकलणारा गॅस कमी केल्याने उलटंच होतं. दाब उतरला की बिअरमधला गॅस लाइनमध्येच सुटायला लागतो, पारदर्शक नळीत बुडबुड्यांचे तुकडे सरकताना दिसतात, आणि काही दिवसांनी तीच बिअर मचूळ लागते. आम्ही दाब पूर्वीसारखा केला आणि बिअरची नळी चिलरमधून थंड होऊन फिरणाऱ्या ग्लायकॉल या द्रवाच्या नळ्यांसोबत एकाच इन्सुलेशनमध्ये बांधून थेट टॅपच्या बुंध्यापर्यंत नेली. शेवटची वीतभर उघडी ठेवली तरी पहिला ग्लास फसतो. अर्थात लाइट गेली की चिलरही बंद. जनरेटरवर कोल्ड रूमबरोबर चिलरही घ्या, असं आम्ही आता कोटेशनमध्येच लिहितो.

ओतण्याबद्दल पोरांना थोडंच सांगावं लागतं. ग्लास तिरपा, टॅप एका झटक्यात पूर्ण उघडा, तोटी बिअरमध्ये बुडवायची नाही, अर्ध्याच्या वर आलं की ग्लास सरळ. टॅप अर्धवट उघडून हळू ओतणारा जास्त फेस काढतो. ग्लासला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे. माशाच्या ताटांबरोबर एकाच घासणीने धुतलेला असतो.

साफसफाईला मात्र आम्ही तडजोड करत नाही. दर दोन आठवड्यांनी. केगच्या तोंडावरचा जोड, म्हणजे कपलर, काढायचा, लाइन पाण्याने मोकळी करायची, मग कॉस्टिकचं साधारण २ टक्क्यांचं कोमट द्रावण पंपाने १५ मिनिटं फिरवायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि टॅपवर "चालू करू नये" ही पाटी. नंतर पाणी सोडत राहायचं. टॅपमधून येणाऱ्या पाण्यात पीएच कागद बुडवून नळाच्या पाण्याशी रंग जुळेपर्यंत. टॅप खोलून ब्रशने घासायचा. प्रथिनं, यीस्टचा थर कॉस्टिकने निघतो, पण नळीला धरलेला खडीसारखा पांढुरका थर निघत नाही; त्याला तीन महिन्यांनी आम्लाचं द्रावण लागतं, तेही वेगळ्या फेरीत. कॉस्टिक क्लोरीनवालं असेल तर आम्लाशी गाठ पडून विषारी वायू निघतो, म्हणून मध्ये भरपूर पाणी. लाइन घाण आहे हे नाकाला आधी कळतं: बिअरला लोण्यासारखा किंवा आंबूस वास.

पावसाळ्यात किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं बंद होतात. केग संपला, टॅप बंद केला आणि कुलूप लावलं, असं केलं की ऑक्टोबरात नळी बदलावीच लागते. म्हणून मे अखेरीस आमची माणसं फिरतात, लाइन धुऊन, गॅसने वारा मारून कोरडी करतात आणि टॅप खोलून पिशवीत बांधून मालकाच्या हाती देतात.