सकाळी व्हाइटलिस्ट केलेला पत्ता संध्याकाळी कुणाचा होता?

नाशिकच्या अंबडमधल्या एका द्राक्ष निर्यातदाराचं नेटवर्क आणि सर्व्हर मी बघतो. कोणत्या बागेतून किती क्रेट आले, द्राक्षांच्या गोडीचा ब्रिक्स किती भरला, कोणत्या पॅलेटला कोणता नंबर, कंटेनरची पॅकिंग लिस्ट, हे सगळं त्यांच्या ऑफिसातल्याच सर्व्हरवर चालतं. त्या सर्व्हरच्या पुढे फायरवॉल आहे आणि त्यात परवानगी असलेल्या आयपी पत्त्यांची यादी. यादीतल्या पत्त्यावरून आलात तर लॉगिनचं पान दिसतं, नाहीतर काहीच दिसत नाही. ऑफिस आणि मोहाडीचं पॅकहाउस, दोन्हीकडे स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या आयपीचं कनेक्शन असल्यामुळे ही व्यवस्था व्यवस्थित चालत होती.

मग एका हंगामात क्वालिटीची माणसं बागांवरूनच नोंदी करू लागली. हातात लॅपटॉप आणि फोनचा हॉटस्पॉट. पहिला फोन सकाळीच आला. सुपरवायझर ताई दिंडोरीकडच्या एका बागेत उभ्या होत्या.

"सर, पान उघडतच नाहीये. नुसतं गोल फिरतंय."

नुसतं गोल फिरतं तेव्हा बहुतेक वेळा फायरवॉल पॅकेट गिळत असते. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम बंद असून नकार मिळाला असता तर ब्राउझरने लगेच तसं सांगितलं असतं. मी त्यांना "माझा आयपी काय" हे दाखवणारी साइट उघडायला सांगितली. त्यांनी जे वाचून दाखवायला घेतलं ते अक्षरं, आकडे आणि कोलन यांची लांबलचक माळ होती, म्हणजे आयपीव्ही६ पत्ता. आमचा सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर. ती साइट दोन्हीवर असल्याने त्यांचा लॅपटॉप तिकडे एका वाटेने जात होता आणि आमच्याकडे दुसऱ्या. वाचून दाखवलेला पत्ता यादीत टाकून काहीही झालं नसतं.

मग खरा पत्ता कसा ओळखायचा? फायरवॉलच्या लॉगमध्ये दिवसभर जगभरातून धडका येत असतात, त्यातली ताईंची कोणती? यासाठी मी एक साधी गोष्ट करतो. समोरच्याला आमच्या पत्त्यापुढे एक आडनिडा पोर्ट लावून पान उघडायला सांगतो. पान उघडणार नाहीच, पण त्या पोर्टवर दुसरं कुणी येण्याची शक्यता नगण्य असते, त्यामुळे लॉगमधली ओळ नेमकी सापडते. ताईंनी `:48123` लावून एंटर दाबलं आणि ओळ आली. (पत्ते खरे देत नाही, उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातले देतो.)

```
DROP SRC=203.0.113.47 PROTO=TCP DPT=48123
```

तो पत्ता यादीत टाकला, पान उघडलं, ताई कामाला लागल्या.

दुपारी त्या पिंपळगाव बसवंतच्या बाजूला गेल्या आणि पुन्हा तेच. ऑफिसात सगळ्यांचं एकच म्हणणं, "टॉवर बदलला ना, म्हणून." हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकतो आणि ते बरोबर नाही. फोनला पत्ता टॉवर देत नाही. तो मोबाईल कंपनीच्या मुख्य नेटवर्कमधला गेटवे देतो. डेटाचं सेशन चालू आहे तोवर तुम्ही दहा टॉवर ओलांडले तरी तो गेटवे आणि फोनचा पत्ता सहसा तोच राहतो. सेशन तुटलं की मग नवा पत्ता: रेंज बराच वेळ गेली, फोन बंद करून चालू केला, एअरप्लेन मोड लावला, किंवा डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर गेला. मी ऑफिसात टेबलाशी बसूनच करून बघितलं. माझ्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला आणि `curl -4 icanhazip.com` चालवलं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून परत आणला आणि तीच कमांड पुन्हा दिली, तर बाहेर दिसणारा पत्ताही वेगळा. मी खुर्चीवरून हललोही नव्हतो.

आणि गेटवेने फोनला दिलेला पत्ता तर बाहेर दिसतच नाही. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, त्यामुळे मोबाईल कंपन्या प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत. लॅपटॉपला हॉटस्पॉट एक खाजगी पत्ता देतो. फोनला कंपनीकडून आणखी एक अंतर्गत पत्ता मिळतो, बऱ्याचदा 10 ने सुरू होणारा किंवा 100.64.0.0/10 या गटातला. हा गट २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. मग कंपनीचं एक मोठं यंत्र हजारो ग्राहकांचं जाणंयेणं थोड्याशा सार्वजनिक पत्त्यांवरून बाहेर काढतं. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्याला एकच दिंडीदरवाजा असावा तसं हे आहे: गल्लीत उभं राहून बघणाऱ्याला माणूस वाड्यातून आला एवढंच कळतं, कुठल्या बिऱ्हाडातला ते नाही. आमची फायरवॉल त्या गल्लीत उभी होती.

दुपारी पिंपळगावहून ताईंनी पुन्हा `:48123` उघडलं, तेव्हा लॉगमध्ये जे दिसलं ते मी ऐकून होतो, पण प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होतो. आडनिड्या पोर्टवर एक पत्ता आला आणि त्याच मिनिटात नेहमीच्या पोर्टवर दुसराच.

```
DROP SRC=198.51.100.12 PROTO=TCP DPT=48123
DROP SRC=198.51.100.90 PROTO=TCP DPT=443
```

दोन्ही ओळी ताईंच्याच आहेत याची खात्री करायला मी त्यांना फोनवर "आता रिफ्रेश, आता थांबा" असं सांगत राहिलो. ओळी त्याच तालावर येत होत्या. म्हणजे नॅटचं यंत्र एकाच ग्राहकाच्या वेगवेगळ्या कनेक्शनांना वेगवेगळे सार्वजनिक पत्ते देत होतं. एका ग्राहकाला शक्यतो एकाच पत्त्यावर ठेवा अशी शिफारस नॅटविषयीच्या आरएफसी ४७८७ या तांत्रिक दस्तऐवजात २००७ पासून आहे, पण ती शिफारसच. अशा नेटवर्कवर पत्ता यादीत टाकेपर्यंत पुढचं कनेक्शन दुसऱ्या दारातून बाहेर पडलेलं असतं.

संध्याकाळी मोहाडीला कंटेनर भरायचा होता आणि ताईंच्या नोंदींशिवाय पॅकिंग लिस्ट पुरी होत नव्हती. शेठ स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"त्या मोबाईल कंपनीची सगळी रेंजच टाकून द्या ना. एकदाचं मिटेल."

त्यांची घाई मला समजत होती. रीफर कंटेनर दारात उभा असताना असं सुचणं स्वाभाविक आहे. पण एक `/16` गट उघडला तरी ६५,५३६ पत्ते आत येतात आणि त्या प्रत्येकामागे एक माणूस नसतो, कितीतरी असतात. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि सकाळी टाकलेल्या त्या एकाच पत्त्याचं काय झालं ते बघू म्हणून वेब सर्व्हरचा लॉग उघडला.

203.0.113.47 वरून सकाळच्या ताईंच्या नोंदी दिसत होत्या. मग काही तास शांतता. आणि मग दुपारनंतर त्याच पत्त्यावरून लॉगिनच्या पानावर एकामागून एक प्रयत्न. युजरनेम `admin`, `test`, `root`. ब्राउझरच्या नावाच्या जागी `python-requests`. कुणाचा तरी स्क्रिप्ट पासवर्ड चाळत होता. ताईंच्या लॅपटॉपमध्ये काही शिरलंय का ही शंका मला आधी आली, म्हणून वेळा जुळवल्या. ते प्रयत्न चालू असताना ताईंची पॅकेट्स 198.51.100 च्या गटातून येऊन अडत होती, आणि त्यानंतर लॅपटॉप बंद करून बॅगेत होता, तरी प्रयत्न थांबले नव्हते. पत्ता तोच, माणूस दुसरा. त्याच कंपनीचा कुठला तरी ग्राहक, कदाचित स्वतःच्या फोनमध्ये काय चाललंय याची कल्पनाही नसलेला.

शेठनी स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "म्हणजे आपली बाई बाहेर आणि हा आत?" मी हो म्हटलं आणि तो पत्ता त्यांच्यासमोरच यादीतून काढला. त्या दिवशीच्या नोंदी ताईंनी फोनवर सांगितल्या, ऑफिसातल्या मुलाने टाइप केल्या आणि कंटेनर रात्री उशिरा न्हावा शेवाकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या लॅपटॉपवर वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतचा बंदिस्त बोगदा, बसवलं. इथे ओळख पत्त्यावरून ठरत नाही, किल्लीवरून ठरते. प्रत्येक लॅपटॉपची स्वतःची खाजगी किल्ली, तिची सार्वजनिक जोडीदार सर्व्हरवर. योग्य किल्लीने बंद केलेलं पॅकेट कुठल्याही पत्त्यावरून येवो, सर्व्हर ते स्वीकारतो आणि उत्तर त्या नव्या पत्त्यावर पाठवतो. लॅपटॉपच्या बाजूचा भाग एवढाच:

```
[Peer]
PublicKey = <सर्व्हरची सार्वजनिक किल्ली>
Endpoint = 192.0.2.10:51820
AllowedIPs = 10.8.0.0/24
PersistentKeepalive = 25
```

शेवटची ओळ हॉटस्पॉटसाठी फार गरजेची. दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट जातं, म्हणून नॅटच्या यंत्रात आपली नोंद जिवंत राहते आणि सर्व्हरकडून येणारी माहिती अडत नाही. चाचणी म्हणून ताईंचं पान उघडं असताना मी त्यांना डेटा दुसऱ्या सिमवर न्यायला सांगितलं. सर्व्हरवर `wg show` मध्ये `endpoint` पुढचा पत्ता बदलला, `allowed ips: 10.8.0.7/32` तसंच राहिलं आणि त्यांची नोंद सेव्ह झाली. फायरवॉलच्या यादीत आता 10.8.0.0/24 आहे, म्हणजे बोगद्याच्या आतले, आम्हीच वाटलेले पत्ते. बाहेरून फक्त ५१८२० हा यूडीपी पोर्ट उघडा, आणि किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही.

बाकीच्यांना बसवून देताना दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. एकाने वायरगार्ड फोनवर टाकलं आणि हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपला चालत नाही म्हणून तक्रार केली. फोनवरचं व्हीपीएन सहसा फोनपुरतंच असतं, हॉटस्पॉटने जोडलेल्या लॅपटॉपची वाहतूक त्याच्या बाहेरूनच जाते. ते लॅपटॉपवरच हवं. दुसऱ्याला लॉगिनचं पान दिसायचं, पण पॅलेटची मोठी यादी अर्ध्यात अडकायची. छोटं जातं आणि मोठं अडकतं म्हटल्यावर मी पॅकेटचा कमाल आकार कमी करून `MTU = 1280` केलं, आणि यादी पूर्ण आली.

एक यादी मात्र आमच्या हातात नव्हती. परदेशी खरेदीदाराचं पोर्टल फक्त त्यांच्याकडे नोंदवलेल्या पत्त्यांनाच आत घेतं, आणि ते त्यांनी बदलावं असं आम्ही सांगू शकत नाही. त्यासाठी त्या पोर्टलचा पत्ता लॅपटॉपच्या `AllowedIPs` मध्ये जोडला आणि अंबडच्या राउटरवर त्या वाहतुकीला नॅट दिलं. ताई आता निफाडच्या बागेतून पोर्टल उघडतात तेव्हा तिकडे अंबडचा स्टॅटिक पत्ता दिसतो. अंबडची लाइन गेली की तेही बंद पडतं, म्हणून दुसऱ्या कंपनीची स्टॅटिक आयपीची लाइन घेऊन तिचाही पत्ता खरेदीदाराकडे नोंदवायला दिला आहे.