ओलं बोट

परवा दुपारी गोखले रोडवरच्या एका दुकानात शर्ट बघताना मी सवयीनं पाण्याच्या बाटलीत बोट बुडवलं आणि शर्टाच्या खालच्या पट्टीला आतून लावलं. काउंटरमागचा पोरगा म्हणाला, "काका, अहो काय करताय?" मी म्हटलं, "घाम बघतोय." त्यानं शर्ट हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

ही खोड जुनी आहे. एका ऑक्टोबरात नवाकोरा राखाडी शर्ट घालून मुलाखतीला गेलो होतो. ठाणे स्टेशनातून चालत पोचेपर्यंत पाठीवर आणि दोन्ही बगलांत असे काळे नकाशे उमटले, की समोरचे तिघे माझ्याशी कमी आणि नकाशांशी जास्त बोलत होते. तेव्हापासून पाणी लावून बघितल्याशिवाय शर्ट घेत नाही. नव्या कापडाला खळ असते, थेंब नुसता वर बसून राहतो आणि खोटा दिलासा देतो. म्हणून जरा चोळावं लागतं. दुकानदारांचा राग बहुधा त्या चोळण्यावर असावा.

ओलं कापड गडद का दिसतं? पाण्याला तर रंग नसतो. पण कोरड्या सुताच्या धाग्याधाग्यांत हवा असते. ऊन हवेतून धाग्यात शिरताना अडखळतं, विखुरतं आणि बरंचसं बाहेर परततं, म्हणून कापड उजळ दिसतं. त्या फटींत घाम भरला की उजेड वाकवण्याच्या बाबतीत हवेपेक्षा पाणी धाग्याला जवळचं असल्यामुळे उजेड फारसा अडखळत नाही. तो खोल शिरतो आणि तिथल्या रंगात जिरतो. राखाडी, आकाशी, खाकी ही मधली मंडळी इथेच मार खातात. त्यांच्याकडे परत पाठवायला बराच उजेड असतो आणि तो गिळायला रंगही असतो, त्यामुळे कोरड्या-ओल्यातला फरक डोळ्यात भरतो. काळ्यानं उजेड आधीच गिळलेला, त्याच्याकडे हरवायला उरतंच काय? पांढऱ्यात गिळणारा रंगच नाही, म्हणून डाग काळा पडत नाही. पण उजेड आरपार जायला लागतो आणि बनियनची पट्टी जगाला दिसते. रिक्षावाल्यांना खाकी कोणी दिली असेल, त्यानं ती एप्रिलात घालून माजिवड्याच्या सिग्नलला उभं राहून बघायला हवं होतं.

मग काळाच घ्यावा? तर तो तापतो. आई संक्रांतीला काळी साडी नेसायची ती ऊब धरायला, आणि दुपारी गच्चीवर हळदीकुंकवाची भांडी वाळत घालून आली की पदर गरम लागायचा. जानेवारीतच ही तऱ्हा. अर्थात उन्हातली जवळपास निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते, आणि तिथे काळा सुती कपडा आपण समजतो तितका काळा असेलच असं नाही. तो कोणत्या रंगद्रव्यानं रंगवलाय, त्यावर ते ठरतं. सावलीत तर रंगाचा प्रश्नच मिटतो. लोकलच्या डब्यात काळा आणि पांढरा सारखेच उकडतात.

वाळवंटातले बेदुईन काळे झगे घालतात, त्यावर 1980 साली 'नेचर' साप्ताहिकात एक अभ्यास आला होता. काळा झगा जास्त तापत होता, पण ती जादाची उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आत निघून जात होती, कारण झगा ढगळ आणि वारा वाहता. मला एकदम हुरूप आला. मग आठवलं, आपला शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि खाडीकडून येणारी हवा आधीच ओली असते. झग्यात ठाणे स्टेशनचा पूल चढायची हिंमतही नाही.

सध्या मी गडद निळ्यावर स्थिरावलोय. डाग दिसत नाहीत. पण निळ्याची एक वेगळी चुगली असते, ती वाळल्यावर. घामातलं पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, मग पाठीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा उमटतात, भांडुपच्या मिठागराच्या बांधांसारख्या.

या रेघा मी पहिल्यांदा बाबांच्या शर्टावर पाहिल्या. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यात होते, गणवेश गडद निळा. संध्याकाळी घरी आले की मी विचारायचो, "बाबा, आज खूप उकडलं का?" ते म्हणायचे, "छे रे, पंखे आहेत ना." शर्ट खुंटीला अडकवून ते आंघोळीला जायचे. मी रेघा मोजायचो. कधी एकीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. आई काही न बोलता शर्ट बादलीत बुडवायची.