लिसनिंगमध्ये रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी उत्तराचा अंदाज कसा बांधायचा: माझा अनुभव

आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये चार भाग आणि ४० प्रश्न असतात. रेकॉर्डिंग साधारण ३० मिनिटांचं असतं आणि एकदाच ऐकवतात. प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. कोल्हापुरात माझ्याबरोबर तयारी करणारी बरीच मुलं मराठी माध्यमातली आहेत. त्यांचा हा वेळ प्रश्नाचं मनात भाषांतर करण्यातच जातो. माझ्या मते हा वेळ प्रत्येक रिकाम्या जागेत कुठल्या प्रकारचा शब्द बसेल ते ठरवण्यासाठी वापरावा. गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नांत याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

सीबीएस एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची घोषणा होते तेव्हा सगळी घोषणा कुणी ऐकत नाही. गाडीचं नाव आलं की कान फलाटाच्या आकड्यासाठी टवकारतात. लिसनिंगमध्येही हेच करायचं आहे: पुढे काय येणार हे आधी ठरवायचं आणि ते कुठल्या शब्दामागून येईल ते हेरून ठेवायचं.

सगळ्यात आधी सूचना वाचा. ‘वन वर्ड अँड/ऑर अ नंबर’ असेल तर एक शब्द, एक आकडा किंवा दोन्ही चालतात. दोन शब्द लिहिले तर अर्थ बरोबर असूनही उत्तर चुकीचं धरतात. त्यानंतर मथळा आणि मग रिकामी जागा. जागेच्या मागचे दोन-तीन शब्द आणि पुढचा एखादा शब्द एवढं पुरतं. सगळं वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला वेळ नसतो.

समजा पहिल्या भागात मातीची भांडी बनवायच्या क्लासचा फॉर्म आलाय. सरावासाठी मी बनवलेल्या अशा फॉर्ममधल्या चार ओळी घेऊ. सूचना ‘वन वर्ड अँड/ऑर अ नंबर’ अशी आहे.

डे: ____ इव्हनिंग्ज
कॉस्ट, इन्क्लुडिंग मटेरियल्स: ____ पाउंड्स
ब्रिंग ॲन ओल्ड ____
पार्क बिहाइंड द ____

पहिल्या जागेत वार येणार हे उघड आहे. पण ‘इव्हनिंग्ज’ आधीच छापलंय, म्हणून नुसतं ‘थर्सडे’ लिहायचं, ‘थर्सडेज’ नाही. आणि वार विचारलाय म्हणजे बोलण्यात दोन वार येतील असं धरून चला. रेकॉर्डिंगमध्ये बाई म्हणतात, आधी क्लास ट्यूसडेला होता, पण ती बॅच भरली, म्हणून आता थर्सडे. पहिला वार ऐकताच लिहून मोकळा झालेला माणूस इथे फसतो. ‘बट’, ‘ॲक्च्युअली’, ‘इन्स्टेड’ यांतला एखादा शब्द कानावर पडला की लिहिलेलं खोडायची तयारी ठेवा.

दुसऱ्या जागेत ‘इन्क्लुडिंग मटेरियल्स’ हे शब्द महत्त्वाचे. ते वाचल्यावरच कळतं की सामान धरून एक आणि सामान सोडून दुसरी, अशा दोन रकमा येणार. बोलणारी ‘कॉस्ट’ किंवा ‘मटेरियल्स’ हे शब्द वापरेलच असं नाही. बहुतेक वेळा ते बदललेले असतात. म्हणून रिकाम्या जागेसोबत तिच्या शेजारच्या शब्दाचाही अंदाज करा: ‘कॉस्ट’च्या जागी ‘फी’, ‘चार्ज’ किंवा ‘पे’, आणि ‘मटेरियल्स’च्या जागी ‘क्ले अँड टूल्स’. बाई म्हणतात, पासष्ट पाउंड, पण क्ले आणि टूल्स आम्ही द्यायचे असतील तर ऐंशी. उत्तर ८०. पाउंड हा शब्द छापलेला आहे, तो परत लिहायची गरज नाही.

तिसरी जागा मला सगळ्यात आवडते. ‘ॲन ओल्ड’ म्हणजे पुढे मोजता येणारी एकच वस्तू. चिखलाचं काम, घरून आणायची जुनी वस्तू: शर्ट, एप्रन, टॉवेल. यांतली एक नक्की करून बसू नका, ‘अंगावरचं किंवा पुसायचं काहीतरी’ एवढंच मनात ठेवा. कारण बाई म्हणतात, एप्रन आमच्याकडे आहेत, ते आणू नका, फक्त एक जुना टॉवेल आणा. ज्यानं एप्रन मनात पक्का केला होता, त्याला तो शब्द ऐकूच येतो आणि पुढचा नकार निसटतो. अंदाज शब्दाचा नको, शब्दाच्या जातीचा हवा.

चौथ्या जागेत इमारत येणार. ‘बिहाइंड’ऐवजी ‘ॲट द बॅक ऑफ’ ऐकू येऊ शकतं. स्टेशनजवळ पार्किंग आहे पण संध्याकाळी भरतं, लायब्ररीच्या मागच्या बाजूला लावा, असं वाक्य आलं तर उत्तर लायब्ररी.

चौथ्या भागात हेच तंत्र जरा कठीण जातं. तिथे एकच व्यक्ती अभ्यासविषयावर बोलते आणि मध्ये थांबा नसतो, म्हणून दहाही प्रश्न एकदमच वाचून ठेवावे लागतात. इथे सामान्य ज्ञान मदत करतं, पण ते दगाही देतं. समजा ऊस आणि गुळावरचं व्याख्यान आहे आणि ओळ अशी: ‘ज्यूस इज क्लिअर्ड बाय ॲडिंग ____’. रसात घालायचा पदार्थ हवाय, इतकं बरोबर. पण आपल्याकडच्या गुऱ्हाळात रस निवळायला भेंडी घालतात हे शिरोळ-कागलच्या मुलाला लहानपणापासून माहीत असतं. व्याख्याता म्हणतो, काही गावांत भेंडीचं खोड वापरतात, पण इथे वर्णन केलेल्या पद्धतीत लाइम घालतात, म्हणजे चुना. उत्तर लाइम. जितका विषय ओळखीचा, तितकं रेकॉर्डिंगकडे जास्त लक्ष द्या.

पर्यायांच्या प्रश्नांत असा अंदाज फारसा चालत नाही. तिन्ही पर्यायांचा उल्लेख बहुतेक वेळा होतोच. प्रत्येक पर्यायातला फरक दाखवणारा एक शब्द हेरून ठेवा, तेवढं पुरे.

अंदाज नीट बसतोय का ते तपासायची साधी पद्धत आहे. सरावाच्या वेळी प्रत्येक जागेशेजारी पेन्सिलीनं प्रकार लिहा: वार, रक्कम, इमारत, एकवचनी वस्तू. नंतर रेकॉर्डिंगच्या संहितेशी ताडून बघा. प्रकार बरोबर आणि उत्तर चूक असेल तर घोळ कानाचा किंवा स्पेलिंगचा आहे. थर्टीन-थर्टी यांत आघात कुठे पडतो ते ऐका. नाव अक्षर-अक्षर सांगितलं तर ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’, ‘जी’ आणि ‘जे’ यांवर वेगळा सराव करा. प्रकारच चुकला असेल तर प्रश्न घाईत वाचलाय, आणि जास्त रेकॉर्डिंग ऐकून ते सुधारत नाही. अशा वेळी रेकॉर्डिंग न लावता नुसते प्रश्न समोर घेऊन प्रकार लिहायचा सराव करा.

उत्तरं प्रश्नांच्या क्रमानंच येतात. म्हणून एखादी जागा राहून गेली आणि पुढच्या जागेचा शेजारचा शब्द ऐकू आला, तर मागची सोडून पुढे जा. पेपरवर लिहिणाऱ्यांना उत्तरपत्रिकेत उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, संगणकावर फक्त २ मिनिटं तपासायला. त्या वेळात उत्तर ओळीत बसवून वाचा. ‘ॲन ओल्ड टॉवेल्स’ किंवा ‘टू टिकेट’ असं वाचलं की ‘एस’ची चूक लगेच दिसते. राहिलेली जागाही तेव्हाच आधी लिहिलेल्या प्रकारावरून भरून टाका, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.